हजार मिलचा रेडियन

माझा दादा तोफखान्यात होता. एकाहत्तरच्या लढाईतून परत आला तेव्हा हातपाय शाबूत होते, फक्त डाव्या कानानं ऐकू यायचं बंद झालं होतं. तेवढ्यावरून त्याला घरी पाठवलं. बेलापूरच्या आमच्या घरी तो दिवसभर ओट्यावर बसून असायचा. कुणी काही विचारलं तर मान वळवून उजवा कान पुढे करायचा, आणि मला ते बघवायचं नाही.

बाजारच्या दिवशी प्रवरेपलीकडच्या गावातून एक मावशी यायची. तिचा एकुलता एक मुलगा दादाच्याच तुकडीत टेलिफोनच्या तारा टाकायच्या कामावर होता. तो गेला, तो शत्रूच्या गोळ्यानं नाही. आपल्याच तोफेचा गोळा त्याच्याजवळ पडला. त्या दिवशी ऑफिसरच्या शेजारी बसून दुर्बिणीतल्या रेघा मोजायच्या, गुणाकार करायचा आणि गोळा किती सरकवायचा ते वायरलेसवर तोफेला कळवायचं, हे काम दादाकडे होतं.

मावशी पिशवी खाली ठेवायची, पाणी प्यायची आणि दर खेपेला तेच विचारायची, "कसं झालं रं पोरा?"

दादाही दर खेपेला तेच सांगायचा. "मावशे, तोफेचा हिशोबच ढोबळ असतो. त्यात थोडी खोट असतीच. कुनाचा इलाज न्हाई."

"व्हय बाबा," म्हणून ती मान हलवायची. मग आई तिला चहा द्यायची, आणि ती ऊन उतरायच्या आत निघायची. त्या एका वाक्यावर दोघंही आठवडा काढायची, असं मला तेव्हा वाटायचं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा कंटाळाही यायचा.

मी श्रीरामपूरच्या कॉलेजात प्री-डिग्री सायन्सला होते. वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या, गणित इंग्रजीतून, आणि शिकवणारे सर फळ्याशी बोलणारे. त्रिकोणमितीचा पहिलाच गृहपाठ आला: दिलेले कोन अंशांतून रेडियनमध्ये करा, मग उलट रेडियनमधून अंशांत. दशांशात उत्तरं हवी होती. मी वैतागून वही आपटली तसा दादा ओट्यावरून म्हणाला, "काय झालं गं ठमे? कोन हाय व्हय? आन इकडं. कोनांतच तर जल्म गेला माझा."

लढाईहून आल्यापासून त्यानं पहिल्यांदाच आपणहून काही मागितलं होतं. मी वही घेऊन पळत गेले.

त्यानं समजावलं. तोफेला अंश नसतात, मिल असतात. पूर्ण वर्तुळाचे सहा हजार चारशे मिल. तोफ एक मिल फिरवली की हजार मीटरवर गोळा एक मीटर सरकतो. आणि हजार मिलचा एक रेडियन, हे तोफखान्यात शिकवणाऱ्या उस्तादांनी सांगितलेलं. मग काय, भराभर! नव्वद अंशांचे सोळाशे मिल, म्हणजे १.६ रेडियन. पंचेचाळीसचे ०.८. एकशे ऐंशीचे ३.२. उलट यायचं तर एक रेडियन म्हणजे ५६ अंश १५ मिनिटं. दादा तोंडी सांगत होता आणि मी लिहीत होते. मध्येच त्यानं माझी वेणी ओढली. आई चुलीपुढून डोकावून बघून गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझी वही वर्गापुढे धरली. एकूण एक उत्तर चूक! अंशांतून रेडियनमध्ये आणलेली सगळी थोडी जास्त, आणि उलट नेलेली सगळी थोडी कमी. सर म्हणाले, "एकशे ऐंशी अंश म्हणजे ३.१४१६ रेडियन. तुमच्या बेलापूरचं वर्तुळ वेगळं असतं की काय?" मुलं फिदीफिदी हसली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी आले ती तणतणतच. "बघ तुझा हिशोब! माझं हसं झालं वर्गात!"

"शक्यच न्हाई," दादा म्हणाला.

मी परात उपडी घातली. सुतळी घेतली, परातीच्या मध्यापासून काठापर्यंत मोजून तोडली. ती काठावरून वाकवून लावली. "हे बघ. वर्तुळाच्या मध्यातून काठापर्यंत जेवढं अंतर, तेवढीच सुतळी काठावर लावायची. तिच्या दोन टोकांपासून मध्यापर्यंत रेघा ओढल्या की मधला कोन एक रेडियन. आता मोज किती बसतात." सुतळी सहा वेळा बसली आणि वर पाव सुतळीहून जरासं जास्त उरलं. ६.२८. तुझ्या म्हणण्यानं ६.४ बसायला हव्या होत्या, म्हटलं. सैन्यानं भागाकाराला सोपं म्हणून वर्तुळाच्या खऱ्या सहा हजार दोनशे त्र्याऐंशी मिलांचे सहा हजार चारशे केले असतील. पण गणिताला ते चालत नाही.

मी जिंकले होते. मला आणखी जिंकायचं होतं.

दादा परातीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी खोट हाय. हाय ना? किती हाय ती खोट? काढ."

"म्हणजे?"

"त्या दिवशी तीन हजार मीटरवर चाळीस मिल. आमी एकशेवीस मीटर धरले हुते. खरे किती?"

चाळीस मिल म्हणजे वर्तुळाचे चाळीस भागिले सहा हजार चारशे. त्याचे रेडियन ०.०३९२७, गुणिले तीन हजार. मी उत्साहानं गुणाकार केला. "एकशे सतरा पूर्णांक आठ."

"फरक?"

"दोन मीटर आणि वर थोडं. अगदी किरकोळ, दादा!" त्याला बरं वाटावं म्हणून मी हसून सांगितलं.

त्यानं उजवा कान पुढे केला. "दोनच?"

त्यानं सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली. मग हळूहळू बोलला. पहिला गोळा निशाणाच्या उजवीकडे एकशेवीस मीटरवर पडला होता. दुसरा एकशेवीस डावीकडे आणायचा होता. तो पडला निशाणापासून दोनशे चाळीस मीटर उजवीकडे, तारा टाकणाऱ्या पोरांवर. "दोन मीटरची खोट न्हाई ही ठमे. एकशेवीस डावीकडं म्हनायचं, ते उजवीकडं गेलं. साहेब डावीकडंच म्हनले हुते, ते मला पक्कं आठवतं. मी काय बोललो, ते आठवत न्हाई."

मग मी म्हटलं, वायरलेसवर ऐकणाऱ्यानंही चुकीचं ऐकलं असेल. त्यानं सुतळी माझ्या हातात दिली. आईनं परात भाकरीसाठी मागितली तेव्हा मी ती उचलून नेली.

बाजारच्या दिवशी मावशी आली. पिशवी ठेवली, पाणी प्याली. "कसं झालं रं पोरा?"

दादा खाली उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसला. "मावशे, हिशोबात खोट नव्हती. माझ्याच तोंडून उजवीकडं गेलं असंल."

मला वाटलं ती शाप देईल, छाती बडवेल. देवा, तिनं तसं काही केलं असतं तर बरं झालं असतं. तिनं हातातला पेला खाली ठेवला. मग तिनं पिशवी घेतली आणि उठली. आईनं चहा पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

दारात ती थांबली. "कशाला सांगितलंस रं," ती म्हणाली. "ते ढोबळ हिशोबाचं मला पुरत हुतं."

ती पुन्हा आली नाही. दादा मात्र बाजारच्या दिवशी ओट्यावर तिच्या वाटेच्या बाजूला तोंड करून, उजवा कान पुढे काढून बसायचा.