लुंबिनीचा सातवा प्रश्न

श्रीमंतनं लुंबिनीला सोडलं, त्याच्या बरोबर एकोणीस दिवसांनी ती मला म्हणाली, "लुबना, मला आनंदराज आवडतो." मी तेव्हा भात उपसत होते. पळी हातातच राहिली. एकोणीस दिवसांत साधा खोकला बरा होत नाही, आणि ही बाई पाच वर्षांचं प्रेम विसरून मोकळी!

हे दोन हजार सातचं. लातूरला तेव्हा दर गल्लीत एक क्लास होता आणि दर घरात एक खोली भाड्यानं. आम्ही दोघी एकाच क्लासमध्ये होतो. ती मुखेडची, एमएस्सी, बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवायची. मी नांदेडची, कम्प्युटरवर क्लासच्या प्रश्नपत्रिका टाइप करायची. राहायचोही एकत्र, घरमालकीण सरजाबाईंच्या माडीवर. पोरं तिला घाबरत. पाठ फिरवून फळ्यावर बेडूक काढत असतानाही मागचा कोण हसला, हे तिला कळायचं. स्वतःच्या बाबतीत मात्र तिची नजर अगदीच अधू. हे मी तिच्या तोंडावर सांगत आलेय, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.

श्रीमंत तिला नांदेडला विद्यापीठात भेटला होता. हुशार, गोरागोमटा, बोलण्यात पटाईत. परीक्षा पास होऊन साहेब झाला आणि घरच्यांनी साहेबाला शोभेल अशी मुलगी शोधली. हे त्यानं तिला नांदेडच्या स्टँडवर सांगितलं. लातूरच्या गाडीला गर्दी होती, म्हणून आधी खिडकीतून रुमाल टाकून तिची जागा धरली, मग सांगितलं. ती साडेतीन-चार तास त्या जागेवर बसून आली, मांडीवर त्याचाच रुमाल. माणसानं किती नीट सोय करून सोडावं! मला त्याचा अजूनही संताप येतो.

आनंदराज क्लासचे इन्व्हर्टर सांभाळायचा. आयटीआय झालेला, गंजगोलाईच्या बाजाराजवळ स्वतःचं छोटं दुकान. त्या वर्षी लोडशेडिंग इतकं होतं की तो आम्हाला सरांपेक्षा जास्त दिसायचा. लुंबिनी माझ्या टायपिंगच्या खोलीत येऊन रडत होती, तेव्हा तो कोपऱ्यात बॅटरीत पाणी भरत होता. उठला, बाहेरून चहा आणला, तिच्यासमोर ठेवला आणि परत बॅटरीकडे गेला. तिथून सुरू झालं. मग रोज रात्री साडेआठला त्याचा फोन. त्याआधी पाच वर्षं साडेआठला श्रीमंतचा यायचा.

मला माणूस आवडला होता. तिचं बोलणं आवडत नव्हतं. "आनंदराज फोन ठेवायची घाई करत नाही." "आनंदराजला माझ्या पगाराचं काही नाही." "आनंदराज इंग्रजी झाडत नाही." प्रत्येक वाक्यात नाव याचं आणि मोजमाप श्रीमंतचं. एकदा तर मला म्हणाली, नांदेडच्या त्या शहजादीला सहज सांग की मी किती खूश आहे. शहजादी ही माझी ओळखीची, श्रीमंतच्या ऑफिसात होती. मी म्हटलं, "सहज कशाला, पत्रकच छापून देते."

आणखी एक गोष्ट मी पाहिली. आनंदराज दोन दिवस उदगीरला कामाला गेला. साडेआठ वाजले तशी ही खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. मी तिला खाली सरजाबाईंच्या टीव्हीसमोर नेऊन बसवलं. दहा मिनिटांत शांत, शेंगा फोडत मालिका बघत बसली. म्हणजे साडेआठला कुणीतरी हवं होतं. आनंदराजच हवा होता असं नाही. आणि तिच्या बॅचचा पोरगा सराव परीक्षेत पहिला आला, तेव्हा तिनं सगळ्यांना पेढे दिले, आनंदराजला फोन करायचं तिच्या लक्षातही आलं नाही. त्याला फोन जायचा तो रडू आलं की.

मार्चमध्ये गोष्ट लग्नापर्यंत आली. आनंदराजचा मामा रविवारी मुखेडला सोयरीक घेऊन जाणार, असं ठरलं. तिचे वडील व्यंकटीकाका खूश. पोरगी हसायला लागली एवढंच त्यांना दिसत होतं. रविवारी तिनं मान हलवली की लग्न पक्कं.

बुधवारी मी तिला विचारलं, "तुला हाच पाहिजे का कुणीही चाललं असतं?"

ती भडकली. "तुला काय कळतं? तू कधी पडली का प्रेमात?"

आता मलाही राग आला. राग आला की मी टाइप करते. दुसऱ्या दिवशी क्लासच्या कागदावर वीस प्रश्न छापले. वर लिहिलं: सेट ए, विषय आनंदराज, वेळ वीस मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापले जाणार नाहीत. त्याच्या आईचं नाव काय? त्याला राग कशानं येतो? तो शेवटचा कधी खळखळून हसला? दुकान टाकायच्या आधी त्याला काय व्हायचं होतं? असे. सातवा प्रश्न मला स्वतःलाच पडलेला होता. टायपिंगची खोली असो, चहाचं हॉटेल असो, तो नेहमी दाराजवळच का बसतो?

ती आधी हसली. पण पेपर समोर आला की तिला राहवत नाही. पेन घेऊन बसली. पाच मिनिटांत पेनचं टोपण चावायला लागली. वीसपैकी चार लिहिले. चारही उत्तरं एकाच धर्तीची: तो मला काय आणून देतो, माझं किती ऐकतो. सातव्याला लिहिलं होतं, "मला काही लागलं तर पटकन उठता यावं म्हणून."

मग मी ड्रॉवरमधून सेट बी काढला. प्रश्न तेच, विषय श्रीमंत. आठ मिनिटांत संपवला. त्याच्या आईचं नाव, आजीचं नाव, तो कुठल्या कुशीवर झोपतो असं त्याची आई सांगायची ते, सगळं. विसावा प्रश्न लिहून झाला, तेव्हा कुठं तिचं पेन थांबलं.

"कोण तपासणार?" तिनं बारीक आवाजात विचारलं.

"तूच तपास. मी नुसती टायपिस्ट हाय."

तिनं दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि एकेक प्रश्न बोटानं ताडून पाहिला. "लुबना, मला त्याच्याबद्दल काहीच माहीत न्हाई गं," म्हणाली. मला फार वाईट वाटलं. पण पेपर काढल्याचं वाईट वाटलं नाही.

तिनं वडिलांना फोन करून मामांना थांबवायला सांगितलं. शनिवारी चहाच्या हॉटेलात आनंदराजला सगळं खरं सांगितलं. धीर यावा म्हणून मला सोबत नेलं होतं. तो नेहमीसारखा दाराजवळच्या खुर्चीवर.

"मला तू बरा वाटतोस," ती म्हणाली, "पण मला बरं वाटावं म्हणून तू पाहिजे होतास, का तू म्हणून तू, हे मला कळून नाही राहिलं. न कळता हो म्हणलं तर तुला फसवल्यासारखं होईल."

त्यानं कप बशीत ठेवला. मग म्हणाला, "त्यानं शिटावर रुमाल टाकला तसा तू मला टाकला. जागा रिकामी दिसू नये म्हणून. हाय ना?"

तिनं मान हलवली.

"मला अंदाज व्हता," तो म्हणाला. "तू कधी काही इचारलंच न्हाई. म्या बी सांगितलं न्हाई, ती माझी चूक. मलाबी वाटायचं, ही रडते तवर आपली गरज हाय." त्यानं चहाचे पैसे दिले आणि गेला. ठरलं एवढंच की पोरांची सीईटी होईपर्यंत फोन नाही. त्यापुढचं कुणी कुणाला कबूल केलं नाही. तो म्हणाला होता, "वाट बघ म्हणू नको, आन् म्या बी म्हणणार न्हाई."

पहिला आठवडा वाईट गेला. साडेआठला ती फोन हातात घ्यायची आणि माझ्याकडे द्यायची. तिसऱ्या आठवड्यात श्रीमंतचं खरं दुःख आलं, जे एकोणीस दिवसांत आटोपलं असं तिला वाटलं होतं. चांगलं आठ दिवस रडली, वर्गात मात्र बेडूक व्यवस्थित. एप्रिलमध्ये मुखेडला गेली, आठवडी बाजारात आईशी घासाघीस करत फिरली आणि बांगड्या घालून परत आली. साडेआठला तिनं आता पेपर तपासायला घेतले. मे महिन्यात श्रीमंतच्या लग्नाची पत्रिका आली. तिनं वाचली, "कागद चांगला आहे," म्हणाली आणि जेवायला बसली. मी तिच्या ताटाकडे बघत होते. दोन भाकरी खाल्ल्या.

सीईटी झाली त्या दिवशी एक पोरगा तिला म्हणाला, "मॅडम, बेडकाला हृदय एकच असतं ना? मी कप्पे समजून तीनवर गोल केला." ती हसत हसत टायपिंगच्या खोलीत आली आणि म्हणाली, "हे आनंदराजला सांगितलं पाहिजे."  डोळ्यांत पाणी नाही, काही गरज नाही, पोट भरलेलं, आणि तरी तोच आठवला. मी म्हटलं, "मग बसली काय? जा की."

पुढचं तिनं मला सांगितलं तसं लिहिते. दुकानात गेली. तो दारातच स्टूल टाकून वायर सोलत होता. तिनं बेडकाचा किस्सा सांगितला, तो हसला. मग तिनं विचारलं, "तू नेहमी दाराजवळच का बसतोस?"

त्यानं वायर खाली ठेवली आणि सांगितलं. त्याचं गाव किल्लारीच्या बाजूचं. त्र्याण्णव साली तो बारा वर्षांचा. त्या रात्री विसर्जनाची मिरवणूक बघून उशिरा घरी आला. आत गेलं तर वडील रागावतील म्हणून उंबऱ्यातच आडवा झाला. पहाटे भूकंप झाला. "म्या दाराजवळ व्हतो म्हणून वाचलो," तो म्हणाला. "आत पंचशीला व्हती. धाकटी बहीण. तिनं माझ्यासाठी अंथरूण घालून ठेवलं व्हतं."

लुंबिनी दोन महिने त्या दाराजवळच्या माणसासमोर स्वतःचं रडगाणं गात बसली होती. ती त्या दिवशी स्वतःबद्दल एक शब्द बोलली नाही. फक्त पंचशीलाबद्दल विचारत राहिली. ती कशी दिसायची, काय खायची, कशावरून भांडायची. दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा कुठं उठली. खोलीवर येऊन सेट ए काढला, सातव्याचं उत्तर खोडलं आणि खरं लिहिलं.

"किती बरोबर झाले?" मी विचारलं.

"एक. बाकीचे इचारायचे हायेत."

ते विचारण्यात वर्ष गेलं. घाई कुणालाच नव्हती. दोनदा कडाक्याचं भांडणही झालं, आणि दुसऱ्यांदा त्याला राग कशानं येतो हे तिला कळलं.

लग्न लातूरच्या एका हॉलमध्ये झालं. स्टेजच्या मधोमध, फुलांच्या कमानीखाली दोन लाल खुर्च्या मांडल्या होत्या. लुंबिनी स्टेजवर आली, खुर्च्यांकडे बघितलं, पदर खोचला आणि दोन्ही खुर्च्या एकेक करून उचलून कोपऱ्यात, बाजूच्या दाराला लागून नेऊन ठेवल्या. फोटोग्राफर ओरडत राहिला की तिथं उजेड नाही. तिनं आनंदराजला दाराकडची खुर्ची दिली आणि स्वतः आतल्या बाजूला बसली.