पाण्यात धुतलेला धूर

हुक्का पार्लरमध्ये निखारे पेटवणाऱ्या मामांचं हर्नियाचं ऑपरेशन धूम्रपान सुटेपर्यंत अडलं होतं. त्यांनी सिगारेट सोडली आणि तलफ हुक्क्यावर भागवली. दवाखान्यात यंत्रात फुंकर मारली, तर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा उलट वाढलेला.

“सिस्टर, हा धूर पाण्यात धुऊन येतो.”

“पाण्यानं तो नुसता गार होतो, मामा. कोळशाचा विषारी वायू तसाच रक्तात जातो. शिवाय तासाभराच्या बैठकीत एका सिगारेटच्या शंभरपट धूर छातीत घेता.”

“म्हणजे आगीतून फुफाट्यात.”

“आणि फुफाटा पेटवणारेही तुम्हीच.”

त्याच संध्याकाळी मामांनी निखाऱ्यांचा चिमटा पार्लरच्या मालकासमोर ठेवला. “मला चहाच्या काउंटरवर घ्या, नाहीतर मी निघालो. ऑपरेशन मला करायचंच आहे.”