मजकूर बदलू नका

तहसील कचेरीत मी तेहतीस वर्षं अर्ज वाचले आणि निवृत्त झाल्यावर लोकांचे अर्ज लिहायला लागलो. सरावली गावातल्या घरी ओट्यावर टेबल टाकलं होतं. पैसे घेत नसे. कुणी चिकू आणून ठेवी, कुणी सुके बोंबील. अर्ज कसा लिहावा हे आपल्याइतकं तालुक्यात कुणाला कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण ती म्हण मला दुसऱ्यांसाठी वाटायची.

माझा एक नियम होता. साहेबाला सरकारची चूक दाखवायची नाही, आपलं दुःख दाखवायचं. त्यातही मरण, आजारपण आणि पूर, ह्या तिन्हींपुढे कुठलाही कारकून विरघळतो. मी स्वतः विरघळलो होतो म्हणून ठाऊक. बाकीची कारणं खरी असली तरी कागदावर लंगडी दिसतात.

तलासरीच्या डोंगराकडच्या गावातली एक अंगणवाडी सेविका दोन बस बदलून माझ्याकडे आली, ती ह्याच नियमाच्या तावडीत सापडली. गृहनिर्माण मंडळाच्या सोडतीत तिला विरारकडे एक खोली आणि स्वयंपाकघराचं घर लागलं होतं. मुलगी तिकडेच नर्सिंग शिकत होती, भाड्याच्या एका खोलीत सहा मुलींबरोबर राहत होती. घर मिळालं की मुलीला स्वतःची कडी-कोयंडा असलेली जागा मिळणार होती. तेवढंच तिला हवं होतं.

पहिला हप्ता तिने भरला होता. नवरा उंबरगावच्या कारखान्यात, त्याची आणि तिची सगळी शिल्लक त्यात गेली. उरलेल्या रकमेसाठी थोडं बँकेचं कर्ज आणि बाकी जमिनीचे पैसे, असा हिशेब होता. नव्या रस्त्यात त्यांची शेतजमीन गेली होती, मोबदला मंजूर होता. पण सातबाऱ्यावर चुलत दिराचंही नाव, तो कामाला सुरतेकडे, त्याची संमती येईना. पैसे प्रांत कचेरीत अडकले आणि इकडे हप्त्याची मुदत उलटली. मुदत संपण्याआधी अर्ज केला असता तर व्याज लावून वाढवून मिळाली असती. ते तिला कुणी सांगितलं नाही. आज येतील, उद्या येतील, म्हणत ती थांबली आणि मंडळाचं पत्र आलं: वितरण रद्द.

हे सगळं सांगताना तिने पिशवीतून एक कागद काढला होता. "काका, हे प्रांत कचेरीचं पत्र. सगळ्यांच्या सह्या आल्यावर पैसे देऊ, असं लिहिलंय."

मी तो हातातही घेतला नाही. "ते राहू दे," म्हणालो. "सरकारने पैसे दिले नाहीत म्हणून सरकारचे पैसे भरले नाहीत, असं लिहिलंस तर साहेब चिडेल. नवरा कधी आजारी पडला होता का?"

"पावसात ताप आला होता. दोन दिवस."

"झालं तर मग."

त्या दोन दिवसांच्या तापाचं मी दीड महिन्याचं रुग्णालय केलं. पत्र मुख्य अधिकाऱ्यांच्या नावे होतं. विषय, संदर्भ, अर्ज क्रमांक, संकेत क्रमांक, सगळं जागच्या जागी. 'कुटुंबप्रमुखाच्या गंभीर आजारपणामुळे मी हवालदिल झाले असता हप्त्याची मुदत केव्हा उलटली हे कळले नाही. व्याजासह रक्कम भरण्यास मी तयार आहे. तरी माझे वितरण कृपया पूर्ववत करावे.' मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने सही केली, पण पेन जरा थांबलं होतं. मी पाहिलं आणि कागदाची घडी घातली.

अर्ज मंडळाच्या आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: रुग्णालयाची कागदपत्रं पंधरा दिवसांत सादर करावीत.

ती नवऱ्याला घेऊनच आली. धडधाकट माणूस, ओट्याच्या कडेला उभा राहिला. "मी कधी होतो दवाखान्यात?" एवढंच त्याने विचारलं. तसा दाखला लिहून देणारा डॉक्टर मला माहीत होता. मी तसं सुचवलं. तिने मान हलवली. "एकदा सही केली, काका. आता आणखी नको."

मग ती आणि मी मुंबईला मंडळाच्या कार्यालयात गेलो. आमच्या अर्जाची फाइल एका पन्नाशीच्या अधिकारी बाईंकडे होती. सेविकेने प्रांत कचेरीचं पत्र पुढे केलं आणि जसं घडलं तसं सांगितलं. बाईंनी पत्राची तारीख पाहिली, हप्त्याची तारीख पाहिली, बँकेचं मंजुरीपत्र पाहिलं.

"तारखा जुळतात," त्या म्हणाल्या. "पहिल्या अर्जाला हेच जोडलं असतं तर मी शिफारस करून वर पाठवलं असतं. अशा प्रकरणांत साहेबांनी मुदत दिलेली आहे." मग त्यांनी माझं पत्र उघडलं. "पण इथे तर तुमचे यजमान दीड महिना रुग्णालयात आहेत. दोन्हीतलं खरं काय?"

"हे खरं," सेविका म्हणाली आणि प्रांत कचेरीच्या कागदावर बोट ठेवलं.

"मग हे कुणी लिहिलं?"

मी शेजारच्या खुर्चीत होतो. हाताच्या अंतरावर. 'मी लिहिलं' हे दोन शब्द काही जड नव्हते. तेहतीस वर्षांत मी कितीतरी लोकांना तसं खडसावून विचारलं होतं, आणि समोरचा गप्प राहिला की मला त्याची कीव येई.

"खाली सही माझी आहे," ती म्हणाली. "म्हणजे मीच."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. त्या दिवसाची लाज अजून उतरलेली नाही, आणि उतरू नये.

बाईंचा आवाज चढला नाही. नवा खुलासा लिहून घेतला, फाइलला लावला. पण फाइलमध्ये तिच्या सहीचं खोटं आधीच बसलेलं होतं. महिन्याभराने आदेश आला: सादर केलेले कारण असत्य आढळल्याने विनंती अमान्य. घर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाकडे गेलं. कुणीतरी आनंदाने पेढे वाटले असतील. त्याचा काय दोष?

वर अपील करू या, असं मी म्हटलं. ती नको म्हणाली. पुढे चुलत दीर दिवाळीला घरी आला, त्याची सही झाली, जमिनीचे पैसे खात्यात जमा झाले. ते कळवायला तिने फोन केला.

शेवटचं ती आली ते भरलेल्या हप्त्याचा परतावा मागायच्या अर्जासाठी. मी कोरा कागद पुढे ओढला. तिने तो हलकेच बाजूला केला आणि आपला कागद ठेवला. अंगणवाडीच्या वहीचं पान, मुलांची वजनं लिहितात तसं ठळक, सावकाश अक्षर.

"कुणाच्या नावाने द्यायचं ते तेवढं बघा, काका," ती म्हणाली. "मजकूर बदलू नका."

मी वाचलं. परतावा मागायला कारण द्यावं लागत नाही. कचेरीत असतो तर तसलं वाक्य मी लाल पेनाने खोडलं असतं. पण तिने लिहिलं होतं: 'माझा नवरा आजारी नव्हता. आमचे पैसे सरकारकडे होते म्हणून हप्ता राहिला.'

मी वरती मुख्य अधिकाऱ्यांचं पद लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.