चाळीस मिलिलिटर

भुताखेतांच्या गोष्टी मी नेहमी हसण्यावारी नेल्या आहेत. डोंबिवलीच्या आमच्या घरी आई दर अमावस्येला दारात लिंबू उतरवते आणि मी त्याच लिंबाचं सरबत का केलं नाहीस म्हणून तिला चिडवते... तेव्हा हे मी का लिहितेय ते मलाच नीटसं कळत नाहीये. इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात रोज दोन ओळी खरडायची सवय होती, त्याच जरा भरून देतेय. हॉस्पिटल ठाण्यातलं, नौपाड्याच्या जवळ. नाव विचारू नका. माणसांची नावंही बदललीत.

सोमवार

असेसमेंट सुरू. एक पेशंट, तिचं पूर्ण न्यूट्रिशनल असेसमेंट, डाएट प्लॅन, बुधवारी नातेवाइकांचं काउन्सेलिंग, शुक्रवारी प्रेझेंटेशन. परीक्षक आमच्या चीफ डाएटिशियन कर्णिक मॅडम. मला मिळाली वैशाली.

वय एकतीस. नवऱ्याने आणि दिराने तिला कल्याणपलीकडच्या घरात मागच्या खोलीत कोंडलं होतं. पाणी आणि कधी तरी चहा, बाकी काही नाही. दार ठोठावलं म्हणून दोन्ही हात लोखंडी सळीने मोडले. पोलिसांनी कडी तोडून बाहेर काढलं. वळ पाठीवर होते, मांड्यांवर होते, तळपायांवरसुद्धा होते. मी माप घेताना ते मोजायचे नाहीत असं स्वतःला बजावलं.

उभी राहू शकत नाही म्हणून वजन बेडच्या काट्यावर घेतलं, चौतीस किलो. उंची गुडघ्याच्या मापावरून काढली. दंडाचा घेर घ्यायचा तर दोन्ही हात प्लास्टरमध्ये, मग पोटरीचा घेतला. बीएमआय चौदाच्या जेमतेम वर. मला त्या माणसांचा इतका राग आला की टेप न गुंडाळताच मी खिशात कोंबली.

मंगळवार

आता कोणालाही वाटेल, अशा बाईला भरपूर खायला द्यावं. तिथेच माणूस मरतो. फार दिवस उपाशी राहिलेलं शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून जगत असतं. एकदम पोटभर साखर-स्टार्च गेलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत शिरतं, आणि रक्तात उरतं ते हृदय चालवायला पुरत नाही. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून किलोमागे दहाच कॅलरीज, म्हणजे दिवसाला तीनशे चाळीस. त्याआधी थायमिनचं इंजेक्शन, रोज रक्त तपासायचं, आणि सगळं ठीक असेल तरच हळूहळू वाढवायचं. मी दर दोन तासांनी चाळीस मिलिलिटरचं दुधाचं फीड लिहिलं.

"सलाइनमधल्या डेक्स्ट्रोजच्या कॅलरीज धरल्यास?" कर्णिक मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम, वजा करूनच फीड काढलंय."

त्या हसल्या नाहीत, पण पुढचं पान उलटलं. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप.

दुपारी तिचा धाकटा भाऊ संतोष आला. डोंबिवलीत एमआयडीसीत टेम्पो चालवतो. नातेवाईक म्हणून तो एकटाच. छोट्या कपातलं दूध बघून त्याने ट्रे उचलून भिंतीवर आपटला. मला कळायच्या आत माझी मान त्याच्या हातात होती आणि डोकं भिंतीला.

"तिकडे उपाशी मारलं, आता तुम्ही पण मारणार? मांजराला पण यापेक्षा जास्त घालतात."

दोन सिक्युरिटीवाल्यांनी त्याला ओढलं, त्यातल्या एकाचा ओठ फुटला. बाहेर जाऊन तो पायरीवर बसला आणि हुंदके देऊन रडला. त्याच्यावर चिडावं तरी कसं... मी तक्रार केली नाही. आईला गळ्यावरचे वळ दिसू नयेत म्हणून ओढणी गुंडाळून घरी गेले.

बुधवार

सकाळचा रिपोर्ट आला, फॉस्फरस खाली गेलेलं. एवढ्याशा दुधावरसुद्धा. डॉक्टरांनी शिरेतून फॉस्फेट सुरू केलं आणि फीड वाढवायचं नाही असं लिहिलं.

काउन्सेलिंग दुपारी, वैशालीच्या बेडपाशीच. कर्णिक मॅडम मार्कशीट घेऊन पायथ्याशी, मी त्यांच्या शेजारी. संतोष खाली मान घालून म्हणाला, "कालचं मनावर घेऊ नका मॅडम." मी त्याला सोप्या भाषेत सांगितलं, बंद घरात एकदम सगळे दिवे लावले की फ्यूज उडतो, तसं तिचं हृदय आहे. तो मान हलवत होता. मला वाटलं, जिंकलं.

मी तक्ता दाखवायला मॅडमकडे वळले तेवढ्यात त्याने पिशवीतून डबा काढला. तुपाने थबथबलेला शिरा, केळं घातलेला. "आ कर वैशू," म्हणत त्याने मोठा चमचा तिच्या ओठांना लावलासुद्धा.

मी ओरडले. आणि मग जे झालं ते मी जसं दिसलं तसं सांगते.

त्याचा हात हवेत थांबला. कोणीतरी मनगट धरावं तसा. मग तो मागे पिळला गेला आणि हाड मोडल्याचा आवाज आला, ऊस मोडतो तसा. डबा समोरच्या भिंतीवर फुटला. संतोष दोन पावलं फरपटत गेला आणि त्याचं कपाळ लॉकरच्या कडेवर आदळलं, एकदा, आणि परत एकदा. रक्त शिऱ्यावर, चादरीवर, माझ्या एप्रनवर. त्याच्या जवळ कोणी नव्हतं. मी आणि मॅडम पायथ्याशी, वैशालीचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये उशांवर.

वैशाली पलंगाच्या रिकाम्या बाजूकडे बघत होती. दोन दिवसांत ती पहिल्यांदा बोलली.

"ताई, बस. नको मारू त्याला."

खाली कॅज्युअल्टीत त्याच्या कपाळाला टाके घातले. मी सोबत होते. मोडलेल्या मनगटावर बोटांचे काळे-निळे ठसे उमटत होते. अंगठा आणि तीन बोटं. अनामिकेच्या जागी काहीच नाही. संतोष ते बघत होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई कोण?" मी विचारलं.

दोघी बहिणी त्याच घरात दिल्या होत्या, दोन भावांना. मोठी सुरेखा. तिलाही कोंडायचे. अंगठी द्यायला नकार दिला म्हणून तिच्या दिराने, म्हणजे वैशालीच्या नवऱ्याने, कोयत्याने बोट तोडलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती कशीबशी पळून माहेरी आली, हाडांचा सापळा होऊन.

"मीच भरवलं तिला. शिरा, मटणाचं सूप, मागेल ते. खूश होती. तिसऱ्या दिवशी पाय सुजले, धाप लागली, आणि गेली. मार लागलेला, त्याने गेली असं सगळे म्हणाले." तो माझ्याकडे वळला. "मॅडम... तुम्ही आत्ता वर सांगितलं ते... ताईला पण तेच झालं?"

काउन्सेलिंगच्या फॉर्ममध्ये या प्रश्नाला जागा नसते. खोटं बोलावंसं फार वाटलं. कर्णिक मॅडम दारात उभ्या होत्या.

"बहुतेक हो," मी म्हणाले. "पण तिला तुम्ही नाही मारलं. ज्यांनी उपाशी ठेवलं, त्यांनी मारलं."

त्याने डावा हात तोंडावर दाबून धरला. त्याच्या घशातून जो आवाज आला तो मला अजून झोपेत ऐकू येतो.

शुक्रवार

फॉस्फरस वर आलं. फीड थोडं वाढवलं. प्रेझेंटेशन झालं, मी पास. बुधवारच्या घटनेबद्दल हॉस्पिटलच्या कागदावर 'पाय घसरून पडले' असं आहे. खाली कर्णिक मॅडमची सही आहे. मी त्यांना एकदाच विचारलं, तुम्ही काय पाहिलंत? त्या म्हणाल्या, "तू जे पाहिलंस तेच. आणि मी रिटायरमेंटच्या तोंडाशी आलेली बाई आहे, मला यात ओढू नकोस." झटका आला असेल, तोलच गेला असेल, सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं. तीन बोटांचं काय करायचं ते कोणी सांगत नाही.

निघायच्या आधी वॉर्डात गेले. संतोषचा उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हाताने तो मापाच्या कपात दूध ओतत होता, अगदी रेषेपर्यंत, डोळे बारीक करून. मग त्याने चमचा भरला आणि वैशालीच्या ओठांपाशी नेऊन थांबला. मी शेजारीच होते, पण माझ्याकडे बघितलं नाही. पलंगाच्या पलीकडच्या रिकाम्या बाजूला बघून त्याने हळूच विचारलं,

"एवढंच ना, ताई?"

काहीच झालं नाही. वैशालीने दूध गिळलं.