सोमवारी काम सुरू

जुनी न्हाणीघरं फोडून नवी करून देण्यात काकांचं आयुष्य गेलं होतं. नवं गिऱ्हाईक आलं की ते दाराशीच चपला काढत आणि नळ उघडून पाण्याचा जोर बघत. मग भिंतीला कान लावून अशा थाटात उभे राहत, की घरच्यांना वाटावं, आता भिंत बोलणार! हिशेब आणि फोन मात्र सून सांभाळायची.

या वेळचं गिऱ्हाईक होतं एक शिक्षिका. खुब्याचं हाड मोडून वडील शुश्रूषा केंद्रात पडून होते. आता ते चाकाच्या खुर्चीत घरी यायचे होते. न्हाणीघराचं दार रुंद हवं, उंबरा जायला हवा, धरायला भिंतीत दांडे हवेत. काकांनी माप घेतलं आणि म्हणाले, "सोमवार धरून चला, बाई. आगाऊ रक्कम जमा झाली की नक्की सांगतो."

हे 'नक्की' ठरायचं कसं, ते फक्त काकांनाच ठाऊक. पैसे आले की ते आधी प्लंबरला विचारत. तो 'हो' म्हणाला, की मगच गिऱ्हाइकाला तारीख जायची. इतकी वर्षं असंच चाललं होतं. सुनेला हे सांगायचं मात्र राहून गेलं.

शुक्रवारी रक्कम खात्यात आली. बाईंनी सकाळपासून तीनदा विचारलं होतं. सुनेने तिथल्या तिथे कळवलं : 'आपली आगाऊ रक्कम मिळाली. आभार. ठरल्याप्रमाणे सोमवारी सकाळी काम सुरू होईल.'

"बाबा, टाकला बरं का मेसेज!"

"शाबास! तू आहेस म्हणून आपलं दुकान दुकानासारखं दिसतं," काका खुशीत म्हणाले आणि त्यांनी प्लंबरला फोन लावला.

प्लंबर गाडीत होता. "काका, आईचं काही खरं नाही. गावी निघालोय. कधी परतेन, काय सांगू?"

"जा बाबा. आईजवळ बस," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि सुनेकडे बघतच राहिले. तिचा चेहरा पडला.

"बाबा, मी घाई केली."

"घाई तू केलीस, शाबासकी मी दिली. दोघं सारखेच शहाणे."

मग फोनाफोनी सुरू झाली. एक प्लंबर शाळेच्या कामात अडकलेला, दुसरा महिन्यानंतरचं बोलायला लागला. तिसरा म्हणाला, "काका, मी येतो, पण भिंतीतल्या जुन्या लायनीला हात लावणार नाही." "मग येऊन करणार काय, माझी करमणूक?" काका करवादले.

संध्याकाळी काका स्वतः बाईंच्या घरी गेले. फोनवर सांगणं त्यांना जमेना. बाईंनी ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं.

"अहो काका, तुमचा मेसेज आला आणि सोमवारी बाबांना नेते, असं मी केंद्रात कळवून टाकलं. त्यांनी बाबांची खाट दुसऱ्या पेशंटला दिली. काम चालू असेपर्यंत बाबांना शेजारच्या काकूंकडे ठेवणार होते. त्यांनी त्यासाठी लेकीकडे जाणं पुढे ढकललंय, पण आठवडाभरच."

"तुमची सगळी रक्कम परत करतो, बाई. आत्ता."

"ती घेऊन मी बाबांना कुठे ठेवू?"

सुनेला लावायला काढलेला फोन काकांनी परत खिशात ठेवला. या माणसाने भल्याभल्या घरमालकांना गप्प केलं होतं.

सोमवारी सकाळी ते हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाले. सूनही बरोबर आली होती. पण फोडायचं काय? घरात न्हाणीघर एकच. प्लंबरशिवाय ते फोडलं, तर घरच्यांना पाय धुवायलाही जागा उरणार नाही. काका दारापाशी छिन्नी घेऊन उभे राहिले, आणि छिन्नी पुन्हा पिशवीत गेली.

तेवढ्यात वडिलांना घेऊन गाडी आली. शेजारी नेण्याआधी म्हातारबुवांना न्हाणीघरात जायचं होतं. थांबणं शक्य नव्हतं. खुर्ची दाराच्या चौकटीला अडली.

"अजून काम झालं नाही वाटतं?" त्यांनी विचारलं.

"सुरूच झालं नाही, दादा," काका म्हणाले. "माझ्यामुळे."

"मग मला उचला तरी. की त्यालाही तारीख लागते?"

एका बाजूने बाई, दुसऱ्या बाजूने काका. सुनेने खुर्ची मागे ओढून धरली. उंबऱ्यावरून पाय नेताना म्हातारबुवा कळवळले. काकांच्या खांद्यात त्यांची बोटं रुतली. अंगाने ते चिमणीएवढे राहिले होते, तरी काकांना तो भार पेलवेना.

बाहेर आणल्यावर बाईंनी विचारलं, "काका, निदान कधी, एवढं सांगाल?"

सून फोन हातात घेऊन उभी होती. काका तिच्याकडे बघून म्हणाले, "काही लिहू नकोस." मग बाईंकडे वळले. "खरं सांगू? मला माहीत नाही, बाई. इथे असोत की शेजारी, यांना रोज उचलायला सकाळ-संध्याकाळ मी येतो. एवढंच माझ्या हातात आहे."

बाईंनी मान हलवली. हो म्हणाल्या की नाही, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.