कुजलेली मेथी कुणाच्या खात्यात?

संध्याकाळी बेलापूरच्या ऑफिसातून घरी आले की चप्पल काढायच्या आधी मनात एकच: आज भाजी काय? वीस वर्षं हेच. शेवटी मी नवऱ्याला म्हटलं, आता बास. एक महिना रात्रीचं घरी करते, पुढचा महिना बाहेरून मागवू. फरक पाच हजारांच्या आत राहिला तर तो माझ्या पगारातून, आणि रात्रीचा गॅस बंद. ते हसत हो म्हणाले. फरक पाच हजारांवर जाणारच, अशी त्यांना खात्री होती ना.

घरचा महिना नऊ हजार तीनशेवर गेला. किराणा, गॅस, मासळी आणि फ्रिजमध्ये मऊ पडून टाकलेले टोमॅटो, सगळं धरून. मी काहीच लपवलं नाही.

मग मागवायला लागलो. जेवण स्वस्तच दिसायचं हो, पण पैसे भरताना खाली एकेक ओळ उगवायची. पॅकिंगचे, डिलिव्हरीचे, अ‍ॅपची फी, वर टॅक्स. तीन डब्यांच्या आमटीला पॅकिंग किती लावावं याला काही धरबंध? तरी मी कूपन शोधून, एकाच हॉटेलातून मागवून महिना चौदा हजारांत बसवला. फरक चार हजार सातशे. मला खरंच रडू आलं, आनंदानं.

पण आमचे हे रविवारी वाशीच्या घाऊक बाजारात गेल्याशिवाय राहत नाहीत. त्या महिन्यातही गेले. "एवढी स्वस्त मेथी सोडून येऊ?" म्हणत पिशव्या भरून आणायचे. सकाळच्या डब्याला लागून किती लागणार? उरलेली काळी पडली, गवार सुकली, मी नाक धरून कचऱ्यात टाकली.

हिशोबाला बसलो तेव्हा त्यांनी शांतपणे त्या भाजीचे नऊशे माझ्या महिन्यात मिळवले. फरक पाच हजार सहाशे झाला.

"अहो, ती तुम्ही आणलीत," मी म्हटलं.

"घरी केलं असतं तर खाल्ली गेली असती ना? मागवलं म्हणून कुजली."

गेल्या महिन्यातले टोमॅटो मीच खर्चात धरले होते, आता ही भाजी नको कशी म्हणू? माझंच तोंड मी बांधून घेतलं होतं. आणि ते काही लबाडी करत नव्हते, हेच जास्त लागलं. त्यांना ते मनापासून बरोबर वाटत होतं.

मी लेकीकडे पाहिलं. कॉलेजात जाते, रोज समानतेवर बोलते. म्हटलं, ही तरी बाजू घेईल.

ती मोबाइलमधून मान वर करून लाडानं म्हणाली, "जाऊ दे ना आई. मला तुझ्याच हातचं आवडतं."

एवढ्या प्रेमाशी भांडायचं कसं, ते मला आजवर जमलेलं नाही. मी उठले आणि कुकर लावला.