तिसऱ्या समीकरणात घालून पाहिलं नाही

सोनपेठच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या उद्धव सरांचं डोकं पहिल्या तासालाच तापायचं. मॅट्रिक्सच्या एका ओळीतून दुसरी ओळ वजा करत शून्यं आणायची आणि x, y, z काढायचे, काम एवढंच. पण पोरं त्यात काय काय दिवे लावायची! समासात लिहायचं ‘पहिल्या ओळीची तिप्पट वजा’ आणि आकडे उचलायचे दुसऱ्या ओळीतले. ओळींची अदलाबदल करायची, पण उजवीकडचे आकडे जिथल्या तिथंच. उणे दोनमधून तीन वजा केले की ह्यांना एक उरतो.

"अरे, आलेलं उत्तर मूळ समीकरणांत घालून बघायला काय धाड भरते तुम्हाला?" सर टेबलावर डस्टर आपटायचे. "तिन्हींत घाला. एकात बसलं की पळू नका." वीस वर्षं हेच चालू होतं.

त्या दुपारी भक्ती उत्तरपत्रिका घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. फेरपरीक्षेत ती चार मार्कांनी नापास झाली होती. तिचे वडील लिंबाजी एकदाच बोलले होते, पण बोलले ते पक्कं: आता अडकलीस तर कॉलेज बंद. आणि हा एक प्रश्न सहा मार्कांचा होता.

"सर, ह्याला शून्य दिलंय तुमी."

"मग काय आरती ओवाळू? उत्तर शून्य, एक, एक आहे. तू लिहिलंस दोन, उणे एक, तीन. बाकीच्यांचं बरोबर आलं ते कसं?"

बाकीच्यांचं यायला काय झालं! हा प्रश्न चार वर्षं तोच होता, आणि सरांच्या हातची उत्तरसूची पोरांना तोंडपाठ होती. भक्ती हे बोलली नाही. तिनं एवढंच म्हटलं, "सर, तुमीच सांगता, घालून बघा म्हणून."

सरांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. मला शिकवते ही! त्यांनी रागारागानं कागद ओढला आणि तिन्ही समीकरणं एकाखाली एक लिहिली.

x + 2y + z = 3
2x + y − z = 0
3x − y + 2z = 13

"बघ. माझं उत्तर घाल. शून्य अधिक दोन अधिक एक, तीन. बसलं? दुसरं, शून्य अधिक एक उणे एक, शून्य. बसलं? आता तिसरं. शून्य उणे एक, अधिक दोन..."

सर थांबले. एक येत होता. पाहिजे होते तेरा.

त्यांनी कपाटातून सूची काढली आणि बोट ठेवत खाली आले. तिसऱ्या ओळीतून पहिलीची तिप्पट वजा. दुसऱ्या जागी उणे एकमधून सहा जायला हवे होते, म्हणजे उणे सात. त्यांच्याच अक्षरात तिथं पाच होता. सहा वजा करायच्या ऐवजी मिळवले होते. बिघडली होती ती फक्त तिसरी ओळ, म्हणून पहिली दोन समीकरणं गुमान बसत होती. दोन बसली म्हणून चार वर्षांपूर्वी सरांनी पेन ठेवला होता.

भक्तीचं उत्तर त्यांनी तिन्हींत घातलं. तीन, शून्य, तेरा. एवढा पडताळा तिनं पानाच्या तळाशी केलेलाच होता, आणि त्यावर सरांची लाल रेघ होती. स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं त्यांना वाटलं. त्यांनी शून्य खोडून सहा लिहिले, सही केली. "पास आहेस तू. चूक माझी. उद्या वर्गात फळ्यावर लिहून सांगतो."

भक्ती हलली नाही. तिनं वहीतून आणखी एक उत्तरपत्रिका काढली. कागद घडीवर पिवळा पडला होता.

"ही माझ्या चुलतबहिणीची, सर. पंचफुलाताईची. मागल्या साली फेरपरीक्षेला बसली होती."

दोन, उणे एक, तीन. तळाशी तिन्ही समीकरणांचा पडताळा. त्यावर लाल रेघ, आणि कडेला सरांचंच वाक्य: ‘घालून पाहायला शिका.’

"मग ती बोलली का नाही?" सर ओरडलेच. "विचारायचं होतं मला!"

"दोनदा आली होती इथवर," भक्ती म्हणाली. "तुमी आत कुणावर तरी ओरडायलायत, ते ऐकून माघारी गेली. नापास झाली म्हणून कॉलेज सुटलं. आता चारठाण्याला सासरी हाय."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. पंचफुलाच्या शून्यावर काट मारली आणि शेजारी सहा लिहिले.

"ह्याचं आता काय करू, सर?" भक्तीनं विचारलं, आणि कागद परत घेण्यासाठी हात पुढं केला.